जोडीला एक बतासा

लोक म्हनतात, अमक्यानं केसानं गळा कापला. माझा बताशानं कापला, आन कापनारा कुनी परका न्हवता, नंदीचा बाप होता. आता तो न्हाई. गेलेल्या मानसाबद्दल वाईट बोलू नये म्हनतात, पन मी बोलनार. तो होता तवा त्याच्या तोंडावर बोलले, आता काय मुकी बसू?

रजाकाराच्या धामधुमीच्या दहा-बारा वर्षं आधीची गोष्ट. जुन्या जालन्यात कुंडलिकेच्या काठाला आमचं घर. घरात एक चाक, अंगनात भांडी भाजायचा आवा, दोन गाढवं, आन एकुलती एक लेक, नंदी. आठ सरून नववं लागलं होतं तिला.

ह्या पोरीला मातीचं याड. मी रांजन-घागरी थापून उरलेला चिखल कोपऱ्यात टाकायची, आन ती सकाळी तोंड बी न धुता त्या चिखलात जाऊन बसायची. बैल करायची. मी जेवायला हाका मारून घसा फोडायची, तर "आले, आले" म्हनत अर्धा दिवस काढायची. कुनी सांगितलं न्हाई, कुनी मागितलं न्हाई. प्रत्येक बैलाला नाव. एक कुरबुऱ्या, एक खादाड्या, एक मामंजी. मामंजी माझ्या सासऱ्यासारखा चालताना मान हलवतो म्हनायची. सासरा जिता असता तर त्यो बी हसला असता.

आदल्या सालच्या पोळ्याला तिनं एक बैल केल्ता, रुसव्या. मान एका अंगाला वळवलेली, खालचा ओठ पुढं, डोळे अर्धे मिटलेले. त्याच्या पापन्या तिनं बाभळीच्या काट्यानं काढल्या. चार येळा मोडला, चार येळा नव्यानं केला, दोन दिवस गेले. आमच्या घरात बैल न्हाई, कुंभाराकडं गाढवं. म्हनून पोळ्याला पुजायची जोडी घरच्या लेकरानं, आपल्या मनानं केलेली पायजे, ही सासूबाईपासूनची रीत. पूजा झाली की संध्याकाळी जोडी नदीत सोडायची. पन रुसव्या सोडायला नंदी तयारच होईना. छातीशी धरून रडली, म्हनली, "माय, त्यो आधीच रुसलाय, त्याला पान्यात कशाला टाकायलीस?" मंग रुसव्याला कोनाड्यात ठिवला, त्याचा जोडीदार तेवढा नदीत गेला.

मला तिच्या ह्या खेळाचं लई अप्रूप होतं, त्याला कारन होतं. माझं माहेर जाफराबादचं. सातव्या वर्षी बापानं मला पनत्यांना बसवलं. रोज शंभर. नव्वद झाल्या तर पाठीवर काठी. हात तयार झाला, न्हाई म्हनत न्हाई, माझ्यावानी गोल पनती ह्या भागात कुनाची निघत न्हवती. पन मातीला हात लावताना मला कधी गोड वाटलं न्हाई. कामाला बसायचं आन उठायचं. म्हनून नंदीचं हे याड बघितलं तवाच मी तिच्या बापाला चाकावर हात ठिवायला लावला. म्हनलं, "पोरगी बारा वर्षाची होईस्तोवर तिच्या मातीत आपन हात घालायचा न्हाई. हे कर, ते कर म्हनायचं न्हाई." त्यानं चाकावर हात ठिवून शपथ घेतली. कुंभारानं चाकाची शपथ मोडली तर त्याला काय म्हनावं, तुमीच सांगा.

आन हा मानूस अडानी बी न्हवता. सगळं डोळ्यानं बघितलेला होता. हिवाळ्यात भांड्याला गिऱ्हाईक कमी, तवा तो नव्या जालन्यात टेसनापाशी काकासाहेबांच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायचा. तिथं एकदा रुई पेटली होती आन एका गड्याचे पाय भाजले होते. तवापासून प्रत्येक रांगेतले गडी सुट्टी झाली की आपन होऊन यंत्राखालची रुई झाडून काढायचे. कुनाची रांग साफ, कुनाची घान, ह्यावर थट्टा चालायची. झाडता झाडता गानी म्हनायचे. काकासाहेबांना हे लई भावलं. मालक वाईट न्हवता, पन मालकाला चांगली गोष्ट दिसली की तिला वेसन घालावीच वाटते. त्यानं जाहीर केलं, ज्याची रांग साफ, त्याला दर बाजाराला गुळाची भेली.

दोन महिने भेल्या वाटल्या. गडी झाडत होते, पन मालकाची नजर पोचंल तिथवरच. यंत्राच्या मागं तशीच रुई. गानी बंद झाली, एकमेकाची चहाडी सुरू झाली. मंग काकासाहेब म्हनले, आता सवय लागली, गूळ बंद. तर झाडू बी बंद. जे गडी आधी फुकट झाडत होते तेच म्हनले, "गूळ न्हाई तर आमाला काय पडलंय?" हे नंदीच्या बापानं मला चुलीपाशी बसून हसत हसत सांगितलं. वर म्हनला, "गंमत बघ, ओली सरकी पोत्यात भरायची, त्या कामाला बी गूळ होता. तिथं काय बी बिघडलं न्हाई. ते काम पयलेपासूनच कुनाला नको होतं. बिघडलं ते आवडीनं करायचे तिथंच." इतकं त्याला कळलं होतं. इतकं कळून त्यानं केलं, हे मला जास्त लागतं.

श्रावनात पंचमी झाली आन जाफराबादहून सांगावा आला, भावजय बाळंत, लवकर ये. मी दुसऱ्याच दिवशी गेल्ते. निघताना नंदी आव्यापाशी बसून एका बैलाची शेपटी वळवत होती. म्हनली, "माय, ह्याचं नाव काय ठिवू? ह्याला माशा लई चावतात." मी म्हनलं, तूच ठिव. पंधरा-सोळा दिवसांनी, गोकुळअष्टमीला मी परत आले.

अंगनात पाय ठिवला आन बघते तर काय, ह्या भितीपासून त्या भितीपर्यंत बैलच बैल. फळ्यांवर, सुपात, उलट्या घागरीवर. क्षनभर मला आनंदच झाला. मी पिशवी खाली ठिवली आन एक बैल उचलला. चार पाय, दोन शिंगं, एक शेपूट. दुसरा उचलला, तसाच. तिसरा बी. डोळे कुनालाच न्हवते.

नंदी मान खाली घालून थापत होती. मी आले तरी उठली न्हाई. मी म्हनलं, "अगं, ह्याचं नाव काय?"

"ह्यांना नावं न्हाईत, माय."

"का गं?"

"नाव ठिवत बसलं की जोड्या कमी होतात."

"आन डोळे?"

ती म्हनली, "डोळ्याचा बतासा न्हाई. जोडीचा हाये. बा शिंगं आन पाय बघतो, मंग देतो." आन पोलक्याच्या खिशातून एक बतासा काढून मला दाखवला, लई कौतुकानं. मला वाटलं माझ्या काळजावर कुनी ओला चिखल फेकून मारला.

सांजेला नंदीचा बाप तलावाची माती घेऊन गाढवासंगं आला. मी त्याला पानी बी दिलं न्हाई. म्हनलं, "चाकावर हात ठिवला होता नव्हं तुमी?"

तो आधी गाढवाच्या पाठीवरची गोनी उतरवत राह्यला. मंग म्हनला, "सगुने, ऐकून तर घे. काकासाहेबानं दोनशे जोड्या मागितल्या. त्याच्या जिनात कापूस आननाऱ्या कास्तकारांना पोळ्याला भेट द्यायच्यात. जोड्या बराबर पोचल्या तर जिनाचे सगळे रांजन बी आपल्याकडून घेनार. तू न्हवतीस. मी एकल्यानं दोनशे जोड्या कशा करू? पोरगी तशी बी बैलच करून राह्यली होती. म्हनलं, तिला जोडीला एक बतासा द्यावा, ती बी खुश."

"तिला न देता मदत मागायची होती. म्हनायचं होतं, नंदे, बापाची अडचन हाये."

"अगं, मी मारलं का तिला? रागावलो का? तुझ्या बापासारखी काठी उचलली का? गोडच दिलं ना?"

खरंच त्यानं मारलं न्हवतं. पोरगी हसत होती, खिशात बतासे होते. मी जिनाची आठवन दिली, म्हनलं, "गुळाच्या भेलीचं काय झालं ते तुमीच सांगितलं होतं नव्हं? यंत्रामागची रुई इसरलात?" तर म्हनला, "ते गडी होते, ही आपली लेक हाये. लेकराचं आन गड्याचं सारखं असतं का?" त्या दिवशी मला कळलं, ह्यानं मला चुलीपाशी हसत हसत गोष्ट सांगितली, पन ती स्वतः ऐकली न्हवती. आपलेच दात, आपलेच ओठ. मी भाकरी वाढली.

तीन दिवसांनी काकासाहेबांचा मुनीम बैलगाडी घेऊन आला. जोड्यांना चुना आन गेरू लावून झाला होता, डोळे नंदीच्या बापानंच काळ्या शाईचे ठिपके देऊन उरकले. त्याच दिवशी सकाळी आमच्या शेजारच्या लालमियाँ पिंजाऱ्याची लेक गौहर अंबडहून, तिच्या नानीकडून परतली होती. नंदीची जिवाची मैत्रीन. महिनाभर ती न्हवती, म्हनून ह्या बताशाच्या भानगडीतून सुटली. आल्या आल्या आमच्या चिखलात बसून तिनं चाकं फिरनारी एक बारकी गाडी केली. मुनीम जाता जाता थांबला, गाडी बघून हसला आन आपल्या पिशवीतले मूठभर बतासे न मागता तिच्या ओंजळीत टाकले. नंदीला बी बापाकडून शेवटच्या जोड्यांचे मिळाले. गाडी गेली, अंगन रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम कोपऱ्यात ताजा, मऊ चिखल टाकला. गौहर आली, बसली, दुसरी गाडी करायला लागली. बतासे तिला आदल्या दिवशी मिळाले होते, पन कालची गोष्ट ती तिथंच इसरली होती. तिच्याशी कुनी आधी ठराव केला न्हवता. बताशासाठी तिनं गाडी केली न्हवती, आन तिला ते म्हाईत होतं. मला म्हनली, "मावशी, हिची जू जरा बडी झाली, देखो." मी बघितलं, जू खरंच मोठं झालं होतं.

नंदी उंबऱ्यावर बसली होती, गुडघ्यावर हनुवटी टेकून. मी म्हनलं, "नंदे, जा की. माती हाये."

"न्हाई."

"का?"

"आता जोड्या झाल्या ना."

मी म्हनलं, "जोड्या कशाला? तुझा तू एखादा कर. त्या माशा चावनाऱ्याचं काय झालं?"

ती माझ्याकडं बघत राह्यली, मी काही येड्यासारखं बोलले असंच तिला वाटलं. म्हनली, "बा बतासे देनार न्हाई आता. मंग कशाला?"

"आधी कुठं देत होता? आधी तू खेळत होतीस नव्हं?"

"खेळाचं कुनी देतं का, माय? बा देत होता म्हंजी ते कामच होतं की. मला आधी म्हाईत न्हवतं."

नऊ वर्षाची पोरगी. मला आधी म्हाईत न्हवतं, म्हनली. माझ्या बापाच्या काठीनं जे मला शिकवलं, ते ह्या मानसानं तिला साखर चारून शिकवलं, आन ते बी मी दारात नसताना. मी आत गेले आन चुलीपुढं बसून रडले. पोटच्या लेकीसाठी म्या एकच गोष्ट मागितली होती, तीच ह्यानं दोनशे जोड्यांवर घालवली.

दोन दिवस असेच गेले. नंदीच्या बापानं बी बघितलं. आधी म्हनला, "दमली असंल, उद्यापर्यंत इसरंल." मंग एका दुपारी तो तिच्याजवळ बसून स्वतःच बैल करायला लागला, शिट्टी वाजवत. तिनं बघितलं, आन "बा, तुला किती करायचेत?" म्हनून इचारलं. त्याची शिट्टी बंद झाली. मला त्याची कीव आली न्हाई, खोटं कशाला बोलू.

पोळा दुसऱ्या दिवसावर आला. कोनाड्यासमोर पुजायची जोडी नको का? मी नंदीला जवळ घेतलं, केसाला तेल लावलं, म्हनलं, "आपली जोडी कर बाई. आपल्या घरची." ती म्हनली, "करते, एक बतासा दे." आन मी काय केलं? मी डब्यातून बतासा काढून तिच्या हातावर ठिवला. सनाच्या तोंडावर भांडन नको म्हनून. तिनं पटकन चार पाय, दोन शिंगं, एक शेपूट, अशी एक जोडी केली. जोडी झाली तशी हात धुतले आन गौहरकडं पळाली. डोळे न्हवतेच. मी इचारलं बी न्हाई.

पोळ्याच्या दिवशी पाट मांडला. ती बिनडोळ्याची जोडी ठिवली, पन माझं मन मानंना. मी कोनाड्यातून रुसव्या काढला. वर्षभराची धूळ होती त्याच्या पाठीवर. पदरानं पुसला आन पाटाच्या मधोमध ठिवला. त्याचा ओठ तसाच पुढं, पापन्या तशाच. मला वाटलं, ह्याला बघून पोरीला आठवंल. काट्यानं पापनी काढताना ती श्वास रोखून बसायची, ते आठवंल. नंदीच्या बापानं बी बघितलं आन मान खाली घातली. त्याला कळलं मी कशासाठी काढला ते.

पुरनपोळीचा नैवेद्य दाखवला, बाजूला ताटलीत चार बतासे होते. नंदी पाटापाशी आली, वाकली आन रुसव्याकडं बघत राह्यली. मी वाट बघत होते. आता उचलंल, आता छातीशी धरंल, असं वाटलं.

ती माझ्याकडं वळली आन हात पुढं केला. म्हनली, "माय, हा मीच केल्ता. ह्याचा बतासा राह्यला."

नंदीचा बाप तोंड फिरवून भितीकडं बघत बसला. लेक हात पुढं करून उभी होती, सनाचा दिवस होता. मी ताटलीतला एक बतासा उचलला आन तिच्या हातावर ठिवला. तिनं तो तोंडात टाकला आन पुरनपोळीच्या ताटावर जाऊन बसली. रुसव्याला त्या संध्याकाळी मीच नदीत सोडला, आन त्यासाठी कुनी रडलं न्हाई.